सोन्याची पावती आणि दोन लाखांची रेषा

८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री आठनंतर पाचशे आणि हजार रुपयांच्या नोटा मध्यरात्रीपासून चलनातून बाद होणार असल्याची घोषणा झाली. त्या चार तासांत देशभरातील सराफ पेढ्यांवर नेमके किती सोने विकले गेले, हा प्रश्न पुढे अनेक वर्षे तपास यंत्रणांच्या दप्तरी राहिला. हैदराबादमधील एका पेढीचे प्रकरण त्यांपैकी सर्वांत बोलके आहे. त्या रात्री आठ ते बारा या वेळात सुमारे ५,२०० ग्राहक दुकानात आले, त्यांनी दागिन्यांसाठी रोख आगाऊ रक्कम भरली, असे पेढीच्या पावत्या सांगत होत्या. प्रत्येक पावती दोन लाख रुपयांच्या आतली होती. अशा रीतीने सुमारे शंभर कोटी रुपयांच्या जुन्या नोटा बँकेत जमा झाल्या आणि त्या पैशातून सोन्याची खरेदी झाली. हे सारे ग्राहक कागदावरच जन्मले होते, असा अंमलबजावणी संचालनालयाचा आरोप आहे. दुकानातील कॅमेऱ्यांच्या चित्रणात तशी गर्दी दिसत नाही, असेही संचालनालयाने म्हटले.

आरोपाचा निवाडा न्यायालयाने करावा. येथे पाहायचे आहे ते केवळ अंकगणित. चार तास म्हणजे २४० मिनिटे. ५,२०० ग्राहक म्हणजे दर मिनिटाला एकवीस-बावीस पावत्या. एका ग्राहकाला दागिना दाखवणे, वजन करणे, भाव सांगणे, नोटा मोजणे आणि पावती लिहिणे एवढे सगळे तीन सेकंदांत आटोपणारी पेढी अजून निघायची आहे. शंभर कोटींना ५,२०० ने भागले की दर पावतीमागे सुमारे एक लाख ९२ हजार रुपये येतात. ही रक्कम एवढी नेमकी का असावी, याचे उत्तर त्याच वर्षी १ जानेवारीपासून लागू झालेल्या एका नियमात होते. दोन लाखांहून अधिक किमतीच्या कोणत्याही खरेदीसाठी, पैसे कोणत्याही मार्गाने दिले तरी, पॅन क्रमांक नोंदवणे प्राप्तिकर नियम ११४बी अन्वये बंधनकारक झाले होते. रेषा दोन लाखांवर आखली गेली आणि पावत्या त्या रेषेखाली दाटीवाटीने उभ्या राहिल्या.

या प्रकरणाकडे धोरणकर्त्यांनी पाहिले ते बहुधा ‘रेषा आणखी खाली आणायला हवी’ या नजरेने. माझे मत वेगळे आहे. त्या रात्री ओळखपत्राची अट पन्नास हजारांवर असती, तर बनावट पावत्या ५,२०० ऐवजी वीस हजारांवर गेल्या असत्या, इतकेच. तेथे फसली ती पावतीची तारीख. एखादी पावती ज्या क्षणाची म्हणून सांगितली जाते त्याच क्षणी ती फाडली गेली का, हे तपासण्याचे साधन राज्यसंस्थेपाशी नव्हते आणि किरकोळ विक्रीच्या बाबतीत ते आजही नाही.

आज सराफाच्या दुकानात कोणते नियम एकत्र येतात, ते एका साध्या उदाहरणाने पाहू. एका कुटुंबाला मुलीच्या लग्नासाठी पाच तोळ्यांचा हार घ्यायचा आहे. हिशेबासाठी तोळा दहा ग्रॅमचा आणि बावीस कॅरेटचा दर ग्रॅमला ९,००० रुपये धरू. सोन्याचे साडेचार लाख झाले, घडणावळ दहा टक्के म्हणजे ४५ हजार, आणि या ४,९५,००० रुपयांवर तीन टक्के वस्तू व सेवा कर १४,८५० रुपये. एकूण बिल ५,०९,८५० रुपयांचे. बिल दोन लाखांच्या वर असल्याने पॅन द्यावाच लागेल. पॅन नसेल तर साठ क्रमांकाचा नमुना भरून द्यावा लागेल. रोखीने किती देता येतील, हा दुसरा प्रश्न आणि त्याचा कायदा निराळा. १ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या कलम २६९ एसटीनुसार कोणालाही दोन लाख रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. म्हणजे १,९९,९९९ चालतील, पूर्ण दोन लाख चालणार नाहीत. उरलेले तीन लाख दहा हजार धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यायचे. नियम मोडल्यास स्वीकारलेल्या रकमेइतकाच दंड होतो आणि तो रोकड घेणाऱ्यावर होतो. सराफ येथे नाराज होतात ते यामुळे, आणि या एका बाबतीत कायद्याची रचना शहाणपणाची आहे. नोंदवही ज्याच्या हाती, जबाबदारी त्याच्यावर.

‘आज दीड लाख देतो, उद्या दीड लाख, परवा उरलेले’ ही युक्ती ग्राहकाला सुचते आणि काही विक्रेतेही ती सुचवतात. कायद्याने तिचा विचार केलेला आहे. एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारापोटी, किंवा एकाच प्रसंगाशी संबंधित व्यवहारांपोटी, अशा तीन मापांनी रक्कम मोजली जाते. एकच बिल तीन दिवसांत फेडले तर ‘एक व्यवहार’ या मापात ते सापडते. तीन दिवशी तीन वेगळे दागिने घेतले, तरी ते एकाच लग्नासाठी असतील तर ‘एक प्रसंग’ या मापात सापडतात. मात्र पहिल्या आणि तिसऱ्या मापात ‘एका व्यक्तीकडून’ हे शब्द आहेत. हार ऐवजी तीन दागिने, वडिलांच्या, आईच्या आणि भावाच्या नावाने तीन बिले, प्रत्येक दोन लाखांच्या आत. एवढे केले की रोख मर्यादा आणि पॅन दोन्ही अटी टळतात. बिल पन्नास हजारांच्या खाली ठेवले तर वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार बिगरनोंदणीकृत ग्राहकाचे नाव-पत्ता लिहिण्याचीही सक्ती उरत नाही.

घरच्या जुन्या सोन्याची मोड दिली तर गुंतागुंत वाढते. तीन लाखांचे जुने सोने देऊन आणि वर दीड लाख रोख भरून साडेचार लाखांचा दागिना घेतला, तर रोकड मर्यादेत आहे. पण विक्रीची किंमत साडेचार लाख असल्याने पॅन मात्र लागतो. पुष्कळ दुकानांत वरच्या रकमेवरच नजर ठेवून ‘पॅनची गरज नाही’ असे सांगितले जाते. ते चूक आहे.

अशा फटी बुजवण्याचा एक प्रयत्न सरकारने २०१७ मध्ये केला. २३ ऑगस्टच्या अधिसूचनेने दोन कोटी रुपये आणि त्याहून अधिक उलाढाल असलेल्या सराफांना आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले. पन्नास हजारांच्या खरेदीलाही आता ओळखपत्र लागणार, असा त्याचा अर्थ बाजारात लावला गेला आणि ग्राहक दुकानात येईनासा झाला. ६ ऑक्टोबरला ती अधिसूचना मागे घेण्यात आली. धनत्रयोदशी त्यानंतर अकरा दिवसांनी होती. धोरण बदलताना पंचांगही पाहावे लागते, हे प्रशासनात काम केलेल्या कोणालाही नवे नाही. खटकते ते एवढेच की पहिली अधिसूचना काढतानाही ते कोणी पाहिलेले नव्हते.

पुढे २८ डिसेंबर २०२० रोजी तीच तरतूद नव्या रूपात आली. एका किंवा परस्परसंबंधित व्यवहारांत दहा लाख रुपये वा अधिक रोकड हाताळणाऱ्या सराफांवर ग्राहकाची ओळख पटवण्याची आणि नोंदी ठेवण्याची जबाबदारी टाकण्यात आली. दहा लाखांचा आकडा कोठून आला हे समजून घेण्यासारखे आहे. फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शिफारशींत मौल्यवान धातूंच्या व्यापाऱ्यांसाठी पंधरा हजार डॉलर किंवा युरोंची मर्यादा आहे. भारत २०१० पासून त्या संस्थेचा सदस्य आहे आणि तिच्या मूल्यांकनाला सामोरा जातो. शिफारशीतील आकडा रुपयांत आणून नियमात बसवला गेला. परंतु दोन लाखांची रोकड घेण्यालाच ज्या देशात बंदी आहे, तेथे दहा लाखांची रोकड घेणाऱ्यावर ओळख तपासण्याचे बंधन घालून काय साधणार? जो सराफ कायदा पाळतो, त्याच्याकडे हा प्रसंग येणारच नाही. जो पाळत नाही, तो त्या व्यवहाराची नोंद ठेवणार नाही. दोन लाखांवरील रोख विक्रीची माहिती वर्षअखेरीस प्राप्तिकर विभागाला कळवण्याचा नियमही अशाच कोंडीत सापडला आहे. जी रक्कम कळवायची, ती घेणेच निषिद्ध. त्या संस्थेचा भारताविषयीचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. एकंदर निकाल समाधानकारक होता, पण मौल्यवान धातूंच्या व्यापारावरील देखरेखीत सुधारणा हवी, याकडे त्यात लक्ष वेधलेले आहे. त्यामुळे रेषा खाली आणण्याची मागणी पुन्हा डोके वर काढणार, हे उघड आहे.

वास्तविक ती रेषा कोणीही हात न लावता खाली आलेली आहे. कलम २६९ एसटी लागू झाले तेव्हा चोख सोन्याचा भाव दहा ग्रॅमला २९ हजार रुपयांच्या आसपास होता. दोन लाखांत जवळपास सात तोळे येत. एप्रिल २०२५ मध्ये भावाने लाखाचा आकडा गाठला आणि त्याच दोन लाखांत दोन तोळे येऊ लागले. जो नियम एकेकाळी लग्नघरातील मोठ्या खरेदीपुरता होता, तो आज साध्या बांगड्यांच्या जोडाला लागू होतो. त्रिशूरची परिचारिका असो, राजकोटचा कारागीर असो वा पंजाबातील शेतकरी, पॅन देण्याची वेळ त्यांच्यावर पूर्वीपेक्षा कितीतरी वेळा येते. मर्यादा पन्नास हजारांवर आणली तर अर्ध्या तोळ्याच्या अंगठीलाही ओळखपत्र लागेल. त्या ओळखपत्राची छायाप्रत दुकानात राहते आणि पुढे ती कोणाच्या बिलाला जोडली जाईल, यावर तिच्या मालकाचा ताबा उरत नाही. आपल्या पॅनवर न केलेली मोठी खरेदी नोंदली गेली आहे का, हे प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणात पाहता येते; वर्षातून एकदा ते उघडण्याची सवय सोने घेणाऱ्या प्रत्येकाने लावून घ्यावी. तथापि पॅनशिवाय, बनावट नावाने फाडलेल्या पावत्या त्यातही दिसणार नाहीत.

सोन्यावर अधिकाधिक नोंदवह्यांचे जाळे टाकण्याचा प्रयोग या देशात पूर्वी झालेला आहे. जानेवारी १९६३ मध्ये, चीनबरोबरच्या युद्धानंतर, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण नियम आणले. चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास बंदी झाली आणि दागिन्यांव्यतिरिक्तचे सोने जाहीर करणे भाग पडले. चौदा कॅरेटची अट काही वर्षांतच सोडावी लागली. १९६८ च्या कायद्याने परवाने, नोंदवह्या आणि विवरणपत्रांची व्यवस्था मात्र पक्की केली. १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला तोवर सोन्याची तस्करी हा एक भरभराटीचा धंदा होऊन बसला होता आणि हजारो सोनारांनी पिढीजात व्यवसाय गमावला होता. नियंत्रणाच्या त्या सत्तावीस वर्षांत नोंदी कमी नव्हत्या. त्या सगळ्या व्यापाऱ्याच्या हातच्या होत्या आणि तपासनीस येईपर्यंत त्या लिहिता, खोडता, पुन्हा लिहिता येत होत्या.

आता एक साधन असे आले आहे की जे व्यापाऱ्याच्या हातचे नाही. हॉलमार्क केलेल्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक कोरलेला असतो, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्क दागिना विकता येत नाही. ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, तो हॉलमार्कसाठी देणारा सराफ, तपासणी केंद्र आणि हॉलमार्क झाल्याची तारीख दिसते. ग्राहक बहुधा शुद्धता पाहून ॲप बंद करतो. माझ्या दृष्टीने त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट ती तारीख आहे. बिल ३ मार्चचे आणि त्यावरील दागिन्याचा हॉलमार्क १९ मार्चचा, असे आढळले तर ते बिल मागच्या तारखेने फाडलेले आहे, हे सांगायला तपासनीसाची गरज नाही. त्यासाठी एचयूआयडी बिलावर असायला हवा. काही पेढ्या तो छापतात, काही छापत नाहीत. ग्राहकाने तो आग्रहाने लिहून घ्यावा. दागिन्याचे वर्णन, निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचे शुल्क बिलावर असतेच, त्यांच्या शेजारी सहा अक्षरे लिहायला काही कष्ट पडत नाहीत.

या साधनाच्याही मर्यादा आहेत. दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्यांना आणि वार्षिक चाळीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफांना हॉलमार्कची सक्ती नाही. त्याहून मोठी उणीव अशी की सोन्याची नाणी आणि बिस्किटे सक्तीतून वगळलेली आहेत. काळा पैसा सोन्यात गुंतवू पाहणारा नक्षीकाम आणि घडणावळ यांवर पैसे घालवत नाही. तो बिस्किटच घेतो. म्हणजे जेथे ओळखचिन्हाची गरज सर्वाधिक, नेमके तेथेच ते नाही. ओळखचिन्हाची सक्ती बिस्किटांनाही लावणे हे मर्यादा कमी करण्यापेक्षा पुष्कळ अधिक परिणामकारक ठरेल आणि त्याने सामान्य लग्नघराला कसलाही त्रास होणार नाही.

दुसरी दुरुस्ती बिलाच्या वेळेची. पाच कोटींवर उलाढाल असलेले व्यापारी परस्परांना माल विकताना ई-बिल काढतात. बिलाचा तपशील सरकारी पोर्टलवर जातो, तेथून एक संदर्भ क्रमांक मिळतो आणि मग त्यात बदल करता येत नाही. ग्राहकाला दिल्या जाणाऱ्या किरकोळ बिलांना ही पद्धत लागू नाही. वस्तू व सेवा कर परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये ऐच्छिक स्वरूपात तशी चाचणी घेण्याचे ठरवले. ती चाचणी सराफी व्यवसायापासून सुरू व्हावी आणि येथे ती ऐच्छिक नसावी. दोन लाखांखालील बिलावर ग्राहकाचे नाव पोर्टलला कळवण्याची गरज नाही. वजन, रक्कम, रोख किती, एचयूआयडी आणि वेळ एवढे पुरे. अशी व्यवस्था २०१६ मध्ये असती तर मध्यरात्रीनंतर आदल्या संध्याकाळची पावती काढताच आली नसती, आणि काढलेल्या पावत्यांची मिनिटाला एकवीस ही गती दुसऱ्याच दिवशी संगणकाच्या पडद्यावर दिसली असती.

मात्र दोन गोष्टी मसुद्यात विसरून चालणार नाहीत. हैदराबादच्या त्या पावत्या विक्रीच्या नव्हत्या, आगाऊ रकमेच्या होत्या. म्हणून आगाऊ रकमेची पावतीही त्याच क्षणी पोर्टलवर गेली पाहिजे. दुसरे, व्यापाऱ्यांमधील ई-बिल पोर्टलवर चढवण्यास दहा कोटींवरील उलाढालीच्या व्यापाऱ्यांनाही तीस दिवसांची मुभा आहे. सोन्याच्या बाबतीत तीस दिवस म्हणजे मागच्या तारखेला दिलेले निमंत्रणच. मुदत त्याच दिवसाची हवी, आणि इंटरनेट बंद पडण्याची सबब दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच ग्राह्य धरावी. लहान सराफांचा आक्षेप खर्चाचा असेल. हॉलमार्कसाठी असलेली चाळीस लाखांची सवलत येथेही देता येईल. मोठ्या पेढ्यांची बिले आजही संगणकावरच निघतात.

या व्यवस्थेत ग्राहकाचा लाभ काय, असे कोणी विचारेल. घरातील सोन्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. विवाहित स्त्रीला ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीला २५० आणि पुरुषाला १०० ग्रॅम सोने बाळगण्याची परवानगी आहे, असे लोक धरून चालतात. ११ मे १९९४ च्या प्राप्तिकर सूचनेत हे आकडे आहेत, पण ते धाडीच्या वेळी तेवढे सोने जप्त करू नये यासाठी अधिकाऱ्यांना दिलेले आहेत. सोने किती बाळगावे यावर मर्यादा नाही. ते कोठून आले, हे सांगता आले पाहिजे. सांगण्याचा आधार बिल. विक्रीच्या वेळीही तेच. २३ जुलै २०२४ नंतर दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेले सोने विकले तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, आणि नफा काढायला खरेदीची किंमत लागते. पण सराफाने आपली कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिनेच जपायची आहेत. मंगळसूत्र चाळीस वर्षे टिकते आणि नातीच्या गळ्यात जाते. पावतीवरची शाई तेवढी टिकत नाही, दुकानातील प्रत सहा-सात वर्षांत रद्दीत गेलेली असते. पोर्टलवरील संदर्भ क्रमांक हा त्या कुटुंबाला तिसऱ्या पिढीतही उपयोगी पडणारा पुरावा असेल. त्यासाठी नोंदी ७२ महिन्यांनंतर पुसल्या जाणार नाहीत आणि बिल हाती असलेल्यालाच त्या पाहता येतील, हे कायद्याच्या मजकुरातच लिहावे लागेल.